सोळा खिडक्या आणि एक पाइप

मागच्या एप्रिलात कोथरूडमधल्या एका सोसायटीचं काम माझ्याकडे आलं. ऐंशीच्या दशकातली इमारत. तळमजला धरून चार मजले, मधोमध जिना, जिन्याला सिमेंटच्या जाळ्या, दोन्ही बाजूंना गॅलऱ्या, आणि त्यातल्या बहुतेक लोकांनी आपापल्या मर्जीने ग्रिल लावून बंद केलेल्या. भिंती पिवळ्या, म्हणजे एकेकाळी पिवळ्या. बाहेरचं प्लास्टर नव्याने करायचं होतं, आणि परांची बांधायचीच आहे तर दर्शनी बाजूचं रूपही थोडं बदलू, असं सभेत ठरलं होतं. सेक्रेटरी काकांनी दोन चित्रं मागितली. "एक, आहे तीच इमारत, नुसती नीटनेटकी. आणि दुसरं जरा धाडसी. पण मॅडम, आमचीच इमारत दिसली पाहिजे हं."

थ्रीडी मॉडेल करून देण्याइतके पैसे त्या कामात नव्हते. माझ्याकडे होता समोरच्या गच्चीवरून सकाळी आठला काढलेला एक फोटो, आणि ऑफिसातल्या संगणकावर 12 जीबीचं ग्राफिक्स कार्ड. त्यावर कॉम्फीयूआय नावाच्या प्रोग्राममध्ये एसडीएक्सएल हे चित्रं काढणारं एआय मॉडेल चालतं. फोटो द्यायचा, काय हवं ते इंग्रजीत लिहायचं आणि फोटोवरून नवं चित्र काढून घ्यायचं, हा प्रकार मी आतल्या खोल्यांसाठी बऱ्याचदा केला होता. सोफा थोडा सरकला तर कुणी मोजायला येत नाही. इमारतीचं तसं नसतं, हे मला पुढच्या चार दिवसांत कळलं.

फोटो 1152 बाय 896 वर आणला आणि हे लिहिलं:

```
four-storey apartment building, off-white lime plaster,
terracotta jali, teak window frames, soft morning light
```

सगळा खेळ `denoise` नावाच्या एका आकड्यावर चालतो. शून्य ते एक. काही ठिकाणी यालाच 'प्रॉम्प्ट स्ट्रेंग्थ' म्हणतात, तर काही ठिकाणी 'इमेज स्ट्रेंग्थ' नावाचा उलट्या दिशेचा आकडा असतो. तिथे जास्त म्हणजे फोटो जास्त राखणं. त्यामुळे दुसऱ्या कुणाचा आकडा उसना घेण्याआधी तो कुठल्या दिशेचा आहे ते बघावं. मजकूर किती काटेकोर पाळायचा हे सांगणारा `cfg` हा वेगळाच आकडा आहे. तो मी 6 वर ठेवला आणि परत हात लावला नाही.

मी आधी 0.3 लावून पाहिलं. चित्र आलं, आणि मला वाटलं चुकून मूळ फोटोच उघडला. तेच पिवळट रंग, तेच ग्रिल, फक्त भिंतीवरचे ओघळ कमी झालेले आणि सगळ्यावर एक गुळगुळीत साय आल्यासारखी. मग चिडून थेट 0.7. आता चित्र देखणं आलं. पांढऱ्या भिंती, टेराकोटाच्या जाळ्या, सागवानी चौकटी. मासिकात छापावं असं. फक्त इमारत पाच मजली झाली होती, जिना डाव्या कोपऱ्यात गेला होता आणि शेजारच्या बंगल्याच्या जागी ताडाची झाडं उगवली होती.

मधला आकडा शोधायचा, एवढंच उरलं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. तिथेच दीड दिवस गेला.

या आकड्याने नेमकं काय होतं ते तेव्हा मी नीट समजून घेतलं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पूर्वी अँटेना हलला की टीव्हीवर मुंग्या यायच्या, आठवतं? मॉडेल तुमच्या फोटोवर आधी तसल्या मुंग्या टाकतं आणि मग त्या हळूहळू काढत चित्र पुन्हा स्पष्ट करतं. काढताना ते तुम्ही लिहिलेल्या मजकुराकडे बघतं. मुंग्यांखाली जे झाकलं गेलं ते त्याला नव्याने कल्पावं लागतं, आणि जे मुंग्यांतूनही दिसत राहिलं ते राहतं. `denoise` म्हणजे सुरुवातीला किती मुंग्या टाकायच्या ते.

थोड्या मुंग्यांखाली आधी बारीक गोष्टी हरवतात: प्लास्टरचा पोत, ग्रिलच्या सळ्या, पाट्यांवरची अक्षरं. आणखी टाकल्या की खिडक्यांच्या चौकटी आणि कठडे. त्याही पलीकडे गेलात तर मजले किती हेही दिसेनासं होतं. सगळ्यात शेवटपर्यंत टिकतात ते मोठे रंगाचे पट्टे: वर आकाश निळसर, मध्ये पिवळं, खाली करडा रस्ता. ही उतरंड डोक्यात बसली की आकडा निवडणं अंदाजपंचे राहत नाही.

दुसरी गोष्ट, आकडा सरळ रेषेत चालत नाही. या मॉडेलच्या नेहमीच्या आराखड्यात 0.3 ला फोटोचा वाटा साधारण 0.77 आणि मुंग्यांचा 0.64 असतो (दोन्हींचे वर्ग मिळवले की 1 येतो). 0.5 ला फोटो 0.53 वर उतरतो आणि मुंग्या 0.85 वर चढतात. म्हणजे 'अर्धं-अर्धं' वाटतं तिथे फोटो केव्हाच मागे पडलेला असतो. 0.7 ला फोटोचा वाटा जेमतेम 0.29. पाच मजले का झाले याचं उत्तर त्यातच होतं.

मग मी सीड, म्हणजे मुंग्या कशा पडतील ते ठरवणारा आकडा, पक्का केला. दर वेळी मुंग्या वेगळ्या पडल्या तर फरक आकड्याचा की नशिबाचा हे कळत नाही. 0.3 पासून 0.7 पर्यंत दर 0.05 ला एक, अशी नऊ चित्रं काढली, ओळीने ठेवली आणि मोजायला बसले. मूळ इमारतीत समोरून दर मजल्यावर चार खिडक्या दिसतात, एकूण सोळा. जिन्याच्या जाळ्या तीन. कोपऱ्यातून खाली येणारा सांडपाण्याचा पाइप एक. गच्चीवर टाकी एक.

0.4 पर्यंत सोळाच्या सोळा. 0.45 ला सोळा, पण दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खिडक्यांची उंची वेगळी. 0.5 ला सतरा. ती सतरावी खिडकी इतक्या बेमालूमपणे जिन्याशेजारच्या कोऱ्या भिंतीत बसली होती की मोजलं नसतं तर मला दिसलीच नसती. 0.6 ला गॅलऱ्या उघड्या होऊन त्यात कुंड्या आल्या. 0.65 ला पाचवा मजला. हे आकडे माझ्या फोटोचे आहेत. तुमच्या फोटोत हे उंबरठे, म्हणजे जिथे काहीतरी मोडायला लागतं ते आकडे, थोडे इकडे-तिकडे असतील. पण उंबरठे असतात, आणि ते मोजूनच सापडतात. चित्र सुंदर आहे की नाही हे बघत बसलं तर नाही सापडत.

आणि तरीही 0.45 पर्यंत भिंत पिवळीच होती! मजकुरात 'ऑफ-व्हाइट' ओरडून सांगितलं तरी. पांढरी भिंत यायला लागली 0.6 नंतर, म्हणजे खिडक्या वाढल्यावर आणि गॅलऱ्या उघडल्यावर. रंग बदलायला जावं तर इमारत बदलते, इमारत राखावी तर रंग बदलत नाही. भिंतीचा रंग आपल्याला वरवरची गोष्ट वाटते, रंगारी चार दिवसांत बदलतो ती. पण मॉडेलच्या लेखी तो चित्रातला सगळ्यात मोठा, सगळ्यात शेवटी झाकला जाणारा पट्टा आहे. सोसायटीच्या दृष्टीने सोपं ते त्याच्या दृष्टीने अवघड, आणि खिडकी वाढवण्यासारखं आपल्याला अशक्य ते त्याला किरकोळ.

उपाय सापडला तो लाजिरवाणा सोपा होता. फोटो रंगवायच्या साध्या प्रोग्राममध्ये उघडला, एक नवा थर घेतला आणि सगळ्या पिवळ्या भिंतीवर मळकट पांढरा रंग फासला. मोठ्या ब्रशने, 'मल्टिप्लाय'च्या भानगडीत न पडता, नुसता सत्तर टक्के दाट. जाळ्यांवर विटकरी फराटे, खिडक्यांच्या चौकटींवर तपकिरी रेघा. दहा मिनिटांचं काम, आणि दिसायला शाळेतल्या चित्रकलेच्या वहीसारखं. तो रंगवलेला फोटो आत दिला आणि `denoise` 0.4. भिंत चुन्याच्या गिलाव्यासारखी पांढरी, छज्ज्याखाली खरी सावली, चौकटींना लाकडाचा पोत, आणि सोळा खिडक्या. माझे फराटे कुठे संपले आणि भिंत कुठे सुरू झाली हे दिसेना, कारण 0.4 चं कामच ते: रंगाचे पट्टे जिथल्या तिथे ठेवायचे आणि पृष्ठभाग नव्याने घडवायचा.

तेव्हापासून माझी पद्धत अशी झाली की जे मोठं बदलायचं ते आधी हाताने, ओबडधोबड का होईना, फोटोतच बदलायचं. आकडा वाढवायचा तो फक्त बारीक गोष्टी पटण्यासारख्या व्हाव्यात म्हणून.

मधे एक दुपार वाया गेली ती वेगळ्याच कारणाने. ऑफिसात मदतीला येणारी मुलगी तिच्या लॅपटॉपवर तेच करून पाहत होती आणि तिचं 0.3 चं चित्र माझ्यापेक्षा कितीतरी कमी बदललेलं येत होतं. सीड तोच, फोटो तोच, मॉडेल तेच. शेवटी सापडलं: माझा शेड्युलर `normal` होता, तिचा `karras`. मुंग्या कोणत्या टप्प्यांनी कमी करायच्या हे शेड्युलर ठरवतो, आणि `denoise` हा त्या टप्प्यांतला अपूर्णांक असतो. `karras` बारीक कामावर बरेच टप्पे खर्च करतो, त्यामुळे त्याच्या शेवटच्या तीस टक्क्यांची सुरुवात फार कमी मुंग्यांपासून होते. हिशेब केला तर 0.3 ला तिच्याकडच्या मुंग्या माझ्या जेमतेम निम्म्या भरतात, आणि 0.7 ला उलट किंचित जास्त. म्हणून "0.4 ठेव" असा सल्ला शेड्युलरचं नाव सांगितल्याशिवाय अर्धाच असतो. आम्ही दोघींनी `normal` ठरवला आणि तो एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवला.

पहिलं चित्र झालं. आता धाडसी.

इथे मला गॅलऱ्यांची ग्रिलं काढून त्याजागी उभ्या पट्ट्यांचे पडदे, गच्चीच्या कठड्यावर कुंड्यांची ओळ आणि जिन्याला पूर्ण उंचीची मातीची जाळी हवी होती. हे 0.4 ला होत नाही, रंगवूनही नीट होत नाही, त्याला 0.7 च्या आसपासची मोकळीक लागते. आणि मोकळीक दिली की पाचवा मजला. म्हणून कंट्रोलनेट जोडलं: बाहेरून रेषांचा एक आराखडा द्यायचा, मुंग्या कितीही असल्या तरी मॉडेलने त्या रेषा धरून चालायचं.

पहिल्यांदा मी फोटोवरून रेषा आपोआप काढून घेतल्या, कॅनी पद्धतीने. त्याने प्रामाणिकपणे सगळंच टिपलं. ग्रिलच्या सळ्या, केबलच्या वायरी, एसीचे डबे, तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेली चादर. मॉडेलने त्या रेषांचा मान राखला: वायरींचं भिंतीवर नक्षीकाम झालं आणि चादरीचा एक छानसा झरोका. डेप्थ, म्हणजे काय किती जवळ आणि किती लांब आहे त्याचा नकाशा, वापरून पाहिला तर इमारतीचा आकार राहिला, गॅलऱ्यांची पुढे-मागे मांडणी राहिली, पण सपाट भिंतीतल्या खिडक्या त्याला जवळपास दिसतच नव्हत्या. परत मोजणी, परत एकोणीस.

शेवटी रेषा हातानेच काढल्या. काळ्या पाटीवर पांढऱ्या रेघा: स्लॅबच्या चार कडा, सोळा खिडक्यांचे चौकोन, गॅलऱ्यांच्या कडा, जिन्याचा उभा पट्टा, गच्चीचा कठडा. ग्रिल नाही, वायर नाही. जे राखायचं तेवढंच. ते कॅनीच्या जागी दिलं, `denoise` 0.75, कंट्रोलनेटची ताकद 0.8 आणि `end_percent` 0.6, म्हणजे शेवटच्या बारीक कामात रेषांनी लुडबूड करू नये. चौथ्या सीडला जे हवं होतं ते आलं. चार मजले, सोळा खिडक्या, जिना मध्ये, आणि तरीही इमारत नवी.

मग मला हाव सुटली. हीच मांडणी पहिल्या, साध्या चित्रालाही लावू, म्हणजे त्यात दुसऱ्या मजल्यावरच्या ज्या दोन खिडक्या उंचीला जराशा चुकल्या होत्या त्याही सरळ होतील. `denoise` 0.4 वर आणला, बाकी सगळं तसंच. काहीच फरक नाही. ताकद 0.8 ची 1.2 केली. चित्र पिक्सेलभरही बदलेना. अर्धा तास मी फाइल चुकली का, जोडणी सुटली का हे बघत होते. चूक `end_percent` मध्ये होती. कॉम्फीयूआयमध्ये तो टक्का मोजला जातो पूर्ण प्रवासाचा, शंभर टक्के मुंग्यांपासून शून्यापर्यंतचा. 0.6 म्हणजे साठ टक्के रस्ता सरल्यावर रेषा सोडून द्या. पण 0.4 च्या `denoise` ला माझी गाडी मुळात सुटतेच साठ टक्क्यांच्या थांब्यावरून. रेषा उतरल्या त्याच थांब्यावर मी चढत होते. `end_percent` 1.0 केल्यावर रेषा लागू झाल्या आणि दोन्ही खिडक्या सरळ झाल्या.

राहिली पाटी. प्रवेशद्वारावर सोसायटीचं नाव देवनागरीत आहे, आणि ते कुठल्याही आकड्याला वाचलं नाही. 0.2 ला सुद्धा अक्षरं कसल्याशा अज्ञात लिपीत जात होती. इथे दोष मुंग्यांचाही नाही पूर्ण. फोटो मॉडेलमध्ये जाताना आधीच आक्रसतो: आठ बाय आठ पिक्सेलचा एकेक चौकोन चार आकड्यांत बसवला जातो. पाटीवरची वेलांटी माझ्या फोटोत दोन-तीन पिक्सेलची. ती त्या आक्रसण्यातच विरघळते. पुढे काहीही न करता परत बाहेर काढली तरी वाकडी येते. त्यावर आकड्याचा इलाज नाही. पाटी, शेजारचा बंगला, समोरचं कडुनिंबाचं झाड आणि आकाश हे सगळं मी मूळ फोटोतून कापून नव्या चित्रावर बसवलं, कडा बारा पिक्सेल मऊ करून. झाडाच्या पानांमागून पांढरी भिंत डोकावायला हवी तिथे पिवळी डोकावत होती, तेवढं हाताने पुसलं.

रविवारी सकाळी कमिटीसमोर दोन्ही चित्रं ठेवली. धाडसी चित्राला "छान आहे" म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या आणि बाजूला ठेवलं. गॅलरीचं ग्रिल काढायला कोण तयार होणार होतं? साध्या चित्रावर चर्चा रंगली. सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक काका चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ जवळून बघत होते. मनात मी म्हटलं, मोजा काका, सोळाच आहेत.

"पाइप कुठे गेला?" ते म्हणाले.

कोपऱ्यातला सांडपाण्याचा पाइप. भिंत पांढरी करताना मीच त्याच्यावरून ब्रश फिरवला होता. रेषा काढताना 'राखायचं तेवढंच' काढलं होतं, आणि पाइप राखावा असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मॉडेलला ना रंगात पाइप दिसला ना रेषेत, त्याने तिथे स्वच्छ भिंत केली. नऊ चित्रांत मी खिडक्याच मोजत राहिले होते. यादीत पाइप होता, पण एकदा लिहिल्यावर त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं.

मी तिथेच लॅपटॉप उघडून पाइप परत बसवते म्हटलं. सेक्रेटरी काकांनी हात आडवा केला. त्यांचं लक्ष चित्रातल्या त्या मोकळ्या कोपऱ्यावर होतं. "थांबा मॅडम. हा पाइप मागच्या डक्टमधून नेता येईल का, ते आधी प्लंबरला विचारतो."

प्लंबर मंगळवारी येऊन गेला. सत्तावीस हजार म्हणतोय.